चंपावैनींनी लावलेलं कपाट

नायगावच्या बी.डी.डी. चाळीत त्या काळी नव्या सुनेची पारख तिच्या भांड्यांच्या मांडणीवरून व्हायची. खोली एकच, दार सदा उघडं, आणि दारासमोरच्या भिंतीला लाकडी मांडणी. येणाऱ्याची नजर आधी तिथंच जायची. भिवा मंडणगडाकडची चंपा लग्न करून घेऊन आला, तेव्हा तिच्या मांडणीवर भांडी मोजकीच होती. हंडा, कळशी, दोन-तीन डबे, ताटं आणि थोडे पेले. पण आठवड्याभरात आजूबाजूच्या बायका काहीतरी निमित्त काढून ती मांडणी बघायला येऊ लागल्या. हंडा-कळशी तळाला. ताटं मागं भिंतीला टेकून उभी, आणि त्यांच्यापुढं एखादाच तांब्या, म्हणजे ताटाच्या चकाकीवर तो उठून दिसायचा. दोन डब्यांच्या मधे हाताचा पंजा जाईल एवढी जागा. शेजारच्या राधाबाई, वयानं आणि मानानं त्या मजल्याच्या मोठ्या, एकदा म्हणाल्या होत्या की, या पोरीकडं भांडी कमी आणि ऐट जास्त.

चंपाला ते बोलणं लागलं नाही. खरंच होतं ते. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला जायची, दिवसभर सूत आणि धूळ यांच्यात उभी राहायची, आणि घरी आल्यावर ती मांडणी नजरेला पडली की तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

छप्पन्न साल उजाडलं आणि चाळीला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत होते. भिवा लेझीम पथकाचा म्होरक्या, त्यामुळं मोर्चातही तो पुढंच असायचा. एकदा पाठीवर लाठी खाऊन आला, एकदा ठाण्याच्या तुरुंगात जाऊन आला. त्याच वर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली आणि चाळीतल्या घराघरातले देव्हारे उतरले. चंपानंही उतरवला. तिथं भिंतीत एक कोनाडा उघडा पडला. बायका म्हणाल्या, डबे ठेव. चंपानं काही ठेवलं नाही. दोन महिन्यांनी बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवरून माणसं सुजलेल्या डोळ्यांनी परत आली. त्यानंतर तिनं त्या कोनाड्यात बुद्धाची एक छोटी तसबीर ठेवली, बाकी काही नाही. ना हार, ना दिवा, ना कागदी फुलं. खोलीभर पसारा असला तरी येणारा माणूस त्या कोनाड्यापाशी येऊन गप्प व्हायचा. चंपाच्या ते लक्षात आलं होतं. असं का होतं, हे मात्र तिनं तेव्हा मनाशी धरलं नाही.

चाळीनं ठरवलं, आपलं वाचनालय काढायचं. पुढाकार शामरावांचा. शामराव रेल्वेच्या कचेरीत कारकून, चाळीतले पहिले मॅट्रिक पास. माणूस पुस्तकवेडा. रविवारी फोर्टातल्या फूटपाथवर बसून जुनी पुस्तकं निवडायची आणि चालत घरी आणायची, ही त्यांची चैन. चाळीच्या मंडळाची तळमजल्यावर एक खोली होती, ती वाचनालयाला मिळाली. फोर्टातल्या एका वकिलाची कचेरी मोडली तेव्हा तिथलं उघड्या फळ्यांचं सागवानी कपाट शामरावांनी मिळवलं. पुरुषभर उंच, दोन माणसं हात पसरतील एवढं रुंद. भिवा आणि लेझीम पथकातली मंडळी हातगाडीवर घालून ते ओढत नायगावात घेऊन आली. वाटेत लोक विचारत होते, कुणाच्या लग्नाचं सामान? भिवा सांगत होता, वाचनालयाचं कपाट आहे. ते सांगताना त्याची छाती कशी फुगत होती याची नक्कल चाळीत पुढं कितीतरी दिवस चालली.

मग पुस्तकं येऊ लागली. ज्याला जे जमलं ते त्यानं दिलं. कुणी शाळेची जुनी पुस्तकं, कुणी चरित्रं, कुणी कायद्याचा एक जाडजूड ग्रंथ, कुणी मासिकांचे गठ्ठे. शामरावांना कुणालाच नको म्हणवेना. एक रांग भरली तेव्हा तिच्यापुढं दुसरी लागली. त्या दोन रांगांच्या डोक्यावर आडवी पुस्तकं चढली. उरलेल्या जागेत पथकाचे कप आणि ढाली, गजराचं घड्याळ, प्लॅस्टरची बुद्धमूर्ती, कागदी फुलांच्या दोन फुलदाण्या, तुरुंगात गेलेल्यांचा ग्रुप फोटो. आणि मधल्या फळीवर, घड्याळ आणि फुलदाणी यांच्यामधे, बाबासाहेबांची तसबीर. चाळीला त्या कपाटाचा फार अभिमान होता. जेवढं जास्त भरेल तेवढी आपली शान मोठी, असा हिशोब होता. पाहुणा आला की त्याला आधी तिथं नेत. पाहुणा म्हणायचा, वा, बराच संग्रह आहे. आणि बाकावर बसून वर्तमानपत्र उघडायचा.

चाळीतली माणसंही तेच करत होती. संध्याकाळी खोली भरायची, वर्तमानपत्रावर चढाओढ व्हायची, द्विभाषिक मुंबई राज्य मोडणार की नाही यावर वाद रंगायचे, पण कपाटाला हात कुणी लावत नव्हतं. शामराव हे बघून मनातून खचत चालले होते. आपल्या लोकांना पुस्तकाची गोडीच नाही की काय, असं एकदा ते भिवाजवळ बोलले आणि भिवानं ते घरी येऊन सांगितलं.

चंपा तेव्हा साक्षरतेच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकली होती. बोट ठेवून, ओठ हलवत, पण वाचायची. तिला ते बोलणं झोंबलं. दुसऱ्या दिवशी गिरणीची पाळी सुटल्यावर ती सरळ वाचनालयात गेली आणि कपाटासमोर उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. पुस्तकांच्या पाठी दिसत होत्या, पण एकीवरही नजर ठरेना. एक नाव वाचायला घ्यावं तोवर शेजारचं लाल पुस्तक डोळ्यांत घुसायचं, मग चकाकणारा कप, मग घड्याळ. शेवटी तिनं एका पातळ पुस्तकाला हात घातला. ते हलताच वरची चार आडवी पुस्तकं घसरून जमिनीवर आली आणि बाकावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

शामराव लगबगीनं पुस्तकं उचलायला आले. काही हरकत नाही वैनी, असं म्हणाले. चंपा मात्र खाली बसूनच राहिली.

"शामभाऊ, गोडी नाय असं नाय हो," ती म्हणाली. "मला भ्या वाटलं. या कपाटात कुटं हात घालावा तेच कळत नाय. बाजारात चुकल्यागत होतं. तुमी मला एक रविवार द्या. मी लावून बघते."

पुस्तकं शामरावांनी विषयवार लावली होती, निदान सुरुवातीला तरी. आता ती कोणत्या विषयाची कुठं गेली होती हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी एकच अट घातली. दिसायला कसंही लावा, पण इतिहासात आरोग्य आणि चरित्रात व्याकरण जाता कामा नये, नाहीतर मागणाऱ्याला पुस्तक काढून देता येणार नाही. चंपानं मान डोलावली. विषय तुम्ही सांगा, मांडायचं काम माझं. चाळीतली कालिंदी, जी त्या वर्षी कॉलेजात जाऊ लागली होती, तिला शामरावांनी मदतीला दिलं.

साठ सालचा मार्च महिना होता तो. महाराष्ट्र राज्य होणार हे नक्की झालं होतं, एक मेची तारीखही लोकांच्या तोंडी होती. त्याच मे महिन्यात बुद्धजयंती येत होती, आणि त्या दिवशी वाचनालयाचं रीतसर उद्घाटन करायचं असं मंडळानं ठरवलं होतं.

रविवारी सकाळी चंपानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे कपाट पूर्ण रिकामं केलं. जमिनीवर चादरी अंथरल्या आणि एकेक पुस्तक, एकेक वस्तू खाली उतरवली. कालिंदी म्हणाली, आहे त्यातच थोडं हलवलं तर नाही का चालणार? चंपा म्हणाली, भांडी घासल्याशिवाय मांडणी लागते का? रिकाम्या फळ्या तिनं ओल्या फडक्यानं पुसल्या, सुक्या फडक्यानं कोरड्या केल्या. तेव्हा कळलं की फळ्या खिळलेल्या नव्हत्या. बाजूच्या लाकडाला भोकं होती, त्यात खुंट्या बसवून फळी वर-खाली सरकवता येत होती. वकिलाच्या कचेरीत त्या सगळ्या एकसारख्या अंतरावर होत्या, आणि म्हणून उंच पुस्तकं आडवी पाडावी लागत होती आणि बुटक्यांच्या डोक्यावर पोकळी राहत होती. चंपानं तळाची फळी उंच ग्रंथांना पुरेल एवढी मोकळी केली, वरच्या थोड्या जवळ आणल्या आणि डोळ्यांच्या उंचीवरची एक पुन्हा ऐसपैस ठेवली.

पुस्तकांचे ढीग कालिंदीनं शामरावांना विचारून विषयवार केले. प्रत्येक ढिगात चंपानं उंच, मध्यम, बुटकी अशी पुन्हा निवड केली. आणि मग लावायला घेतलं, अगदी घरच्या मांडणीसारखं. जाडजूड, काळ्या पुठ्ठ्याचे ग्रंथ तळाला. त्यांच्यावर मध्यम, वर हलकी. प्रत्येक फळीवर डावीकडून उंच सुरू करून उजवीकडे उतरत जाणारी रांग, उतरंडीसारखी. काम झाल्यावर ती दारापर्यंत मागं गेली आणि वळून बघितलं.

कपाट एका बाजूला कललं होतं. लाकूड सरळ होतं, पण नजरेला ते डावीकडं झुकलेलं दिसत होतं, सगळा माल एकाच कडेला भरलेल्या होडीसारखं. पाचही फळ्यांवर उंच पुस्तकं डावीकडं, बुटकी उजवीकडं. कालिंदी हसली नाही, पण तिलाही ते दिसलं.

दुसऱ्या खेपेला चंपानं चूक उलटीकडून केली. प्रत्येक फळीवर दोन्ही टोकांना उंच पुस्तकं, मधे बुटकी, आणि बरोबर मध्यावर एक कप. वजन अगदी सारखं झालं. दारातून बघितलं तर पाच फळ्यांवर तीच ती रांग, जशी कवायतीला उभी पोलीस पार्टी. नजर एका फळीवर गेली की खालच्या चारही फळ्या बघितल्यासारख्या वाटत होत्या. कालिंदी म्हणाली, आता छान झालंय. चंपाचं समाधान झालं नाही. बघणाऱ्याला थांबायला कारणच नव्हतं त्यात.

त्या दिवशी दोघींनी तिथंच बसून भाकरी खाल्ली, आणि खाता खाता चंपा तिच्या घरच्या मांडणीबद्दल बोलत राहिली. तिथं डावीकडं तळाला हंडा असतो, मग वरच्या फळीवर उजवीकडं मोठा डबा ठेवते ती, म्हणजे हंड्याला उत्तर मिळतं. समोरासमोर नाही, तिरकं. बोलता बोलता ती उठलीच.

तिसऱ्या खेपेला तिनं तळाच्या फळीवर डावीकडं काळे ग्रंथ उभे केले आणि दुसऱ्या फळीवरचे जाड ग्रंथ उजवीकडं नेले. तिसरीवर पुन्हा वजन डावीकडं, पण जरा आत. अशी जड पुस्तकं नागमोडी वर चढली. प्रत्येक उभ्या रांगेच्या टोकाला तिनं त्याच विषयाची तीन-चार मोठी पुस्तकं आडवी रचली, सर्वांत मोठं खाली. त्या थप्पीला टेकून उभी रांग आपोआप ताठ राहू लागली, आणि सलग उभ्या रेघांमधे नजरेला एक पायरी मिळाली. सगळ्या पुस्तकांच्या पाठी तिनं पुढं ओढून एका रेषेत आणल्या, फळीच्या कडेपासून बोटभर आत. आधी कुणी मागं ढकललेलं असायचं, कुणी पुढं आलेलं, आणि त्या खाचखळग्यांत सावल्या पडून पसारा दिसायचा. आता समोर एक सलग भिंत झाली.

रंगांचीही गोष्ट होती. लोकांनी प्रेमानं पुस्तकांना जुन्या कॅलेंडरांची, वर्तमानपत्रांची कव्हरं घातली होती, त्यामुळं इथं एका देवाचं अर्धं तोंड, तिथं तेलाच्या जाहिरातीचा तुकडा. चंपा आणि कालिंदीनं ती सगळी काढून खाकी कागदाची घातली, आणि कालिंदीनं सुवाच्य अक्षरात नाव आणि विषयाचा आकडा लिहून पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. ज्यांची मूळचीच कापडी बांधणी होती ती पुस्तकं मात्र चंपानं तशीच ठेवली. लाल, हिरव्या, निळ्या पाठी तिनं एका ठिकाणी जमू दिल्या नाहीत. प्रत्येक फळीवर खाकीच्या शांत पट्ट्यात एखाद-दुसरा रंग, तोही वरच्या फळीवरच्या रंगाच्या थेट खाली येणार नाही असा.

आणि प्रत्येक फळीवर तिनं जागा सोडली. कुठं वीतभर, कुठं दोन वीत. दुसरी रांग तर कुठंच नाही. त्यामुळं जवळजवळ एक तृतीयांश पुस्तकं चादरीवर उरली. ती तिनं विषयवार बांधून लोखंडी ट्रंकेत घातली आणि शामरावांना सांगितलं की, ही फेकायची नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी यातली वर आणायची, वरची खाली ठेवायची. दुबार प्रती आणि फाटलेली मासिकं तर कपाटात कशाला हवीत? शामरावांनी ट्रंकेकडं बघून उसासा टाकला, पण विषय जागच्या जागी होते, म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं.

खरा पेच पुढं होता. चादरीच्या एका कोपऱ्यात वस्तू उरल्या होत्या.

ढाली आणि कप हे भिवाच्या पथकाचे. संध्याकाळी तो आला, अर्धं लागलेलं कपाट बघितलं आणि आपले कप शोधू लागला. चंपानं सांगितलं की सगळे कप कपाटात राहणार नाहीत, फक्त एक राहील. भिवाचा चेहरा उतरला. त्या प्रत्येक कपामागं एक एक वर्ष होतं, घाम होता. तो तसाच निघून गेला आणि घरीही दोन दिवस कामापुरतंच बोलला. चंपानं त्याची समजूत काढली नाही. तिनं सगळे कप उचलून पाहिले, आणि चकाकणारे उंच कप बाजूला सारून त्यातला सर्वांत जुना निवडला. पथकानं पहिल्यांदा परळला जिंकला होता तो, बुटका, एका बाजूनं चेपलेला. तो घासून तिनं चौथ्या फळीवर तीन आडव्या पुस्तकांच्या थप्पीवर एकटा ठेवला. बाकीच्या कपांसाठी आणि ढालींसाठी तिनं खोलीच्या मागच्या भिंतीला, बाकांच्या वर, एक लांब फळी मारून घेतली. तिथं ते सगळे ओळीनं, आपले आपण शोभत होते. ग्रुप फोटोही त्याच भिंतीवर गेला.

तिसऱ्या दिवशी भिवा कामावरून येताना वाचनालयात डोकावला. आत एक पाहुणे बसले होते. त्यांनी कपाटातला तो एकटा कप बघून विचारलं, हा कसला? भिवानं पहिल्या स्पर्धेची सगळी गोष्ट सांगितली, पाऊण तास सांगितली. इतके दिवस इतके कप तिथं होते, पण हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. घरी येऊन तो चंपाला म्हणाला, चहा टाक, आणि नेहमीसारखा बोलू लागला.

फुलदाण्या आणि घड्याळ यांचं फारसं कुणाला दुःख झालं नाही. फुलदाण्या राधाबाईंच्या भाचीच्या लग्नात गेल्या आणि घड्याळ दारावर लागलं, जिथं ते सर्वांना दिसत होतं. राहिली बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर.

मूर्तीसाठी चंपानं ती डोळ्यांच्या उंचीवरची ऐसपैस फळी आधीच राखून ठेवली होती. मूर्ती मध्यावर नव्हती, जराशी उजवीकडं. तिच्या डावीकडं पुस्तकांची रांग येऊन थांबायची, मग दोन वीत मोकळी जागा, मग मूर्ती, आणि पलीकडं काही नाही. तसबिरीसाठी तिनं कपाटात जागाच ठेवली नाही.

ही गोष्ट चाळीत पसरली आणि मंडळाची बैठक बोलवावी लागली. खोली गच्च भरली. काही जण उभे होते. चंपावर रागावण्यासाठी म्हणून कुणी आलं नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात खळबळ होती. ती तसबीर बाबासाहेब गेल्यावर चाळीनं वर्गणी काढून केलेली, काचेच्या चौकटीतली. राधाबाई पुढं बसल्या होत्या.

"चंपे, तुला मी पोरीसारखी मानते," त्या म्हणाल्या. "पन बाबांना कपाटाभायेर काढायचं तुज्या मनात आलं तरी कसं?"

चंपा उभी राहिली. एवढ्या माणसांपुढं ती आजवर कधी बोलली नव्हती.

"भायेर नाय आत्या, पुडं," ती म्हणाली. "घड्याळ आन् फुलदानीच्या मधी बाबा अंग चोरून बसले हुते. मला ते बघवत नव्हतं. तुमी समदी एकदा भायेर जा आन् दारातनं परत आत या. मग तुमी म्हनाल तसं."

शामरावांनी आधी शंका काढली, पण भिवा उठून बाहेर गेला तशी माणसं उठली. चंपानं आणि कालिंदीनं तसबीर कपाटाशेजारच्या भिंतीवर टांगली. ती भिंत चंपानं आधीच चुन्यानं पांढरी करून घेतली होती. तिथं खिळा एकच होता. तसबिरीच्या दोन्ही बाजूंना हात लांबवला तरी काही लागत नव्हतं. तिचा खालचा काठ मूर्तीच्या फळीच्या रेषेत येईल अशी तिनं दोरी आखूड केली होती, म्हणजे कपाट आणि भिंत नजरेला वेगळी पडू नयेत.

माणसं एकेक करून आत आली. येताना प्रत्येकजण दारातच थबकत होता, मागचा ढकलत होता. कुणी सांगितलं नसतानाही काही जण चपला बाहेर काढून आले. राधाबाई सर्वांत शेवटी आल्या. त्या तसबिरीपाशी गेल्या, हात जोडले, आणि मग वळून कपाटाकडं बघितलं, मूर्तीकडं बघितलं.

"आता बाबा आपल्याकडं बगत्यात," त्या म्हणाल्या.

त्यानंतर बैठकीत बोलायला फारसं काही उरलं नाही. शामरावांनी ठराव मांडायची गरज नाही असं सांगितलं, आणि सगळ्यांनी जय भीम म्हणून बैठक मोडली.

एक मेला चाळीत दिवाळीसारखी रोषणाई झाली. भिवाचं पथक परळपासून दादरपर्यंत नाचत गेलं, आणि चंपाही त्या दिवशी मिरवणुकीमागं चालत गेली. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी बुद्धजयंतीला वाचनालयाचं उद्घाटन झालं. पंचशील म्हणून झाल्यावर दादरच्या शाळेतल्या एक मुख्याध्यापिका बोलल्या. त्यांनी लांबलचक भाषण आणलं होतं, पण कपाटासमोर उभं राहून त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या की आमच्या शाळेत दुप्पट पुस्तकं आहेत, तरी मला तिथं इतकं निवांत कधी वाटलं नाही. कुणी लावलं हे कपाट? शामरावांनी चंपाकडं बोट केलं. टाळ्या वाजल्या तेव्हा तिला कुठं बघावं कळेना. ती आपल्या लुगड्याचा पदर पुन्हा पुन्हा नीट करत राहिली.

पण तिला खरा आनंद झाला तो पुढच्या आठवड्यात. खोलीत नेहमीसारखी वर्तमानपत्रावर गर्दी होती, आणि राधाबाई कपाटासमोर उभ्या होत्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी बोटानं खाकी पाठी चाचपल्या, एक हिरवं कापडी पुस्तक ओढून काढलं आणि बाजूची पुस्तकं जागच्या जागी ताठ राहिलेली बघून त्यांना भारी नवल वाटलं. ते पुस्तक त्या बाकावर घेऊन गेल्या आणि कालिंदीला म्हणाल्या, हे वाचून दाखव. बघता बघता तिथं चार-पाच बायका जमल्या. दुसऱ्या दिवशी आठ झाल्या. महिन्याभरात शामरावांना पुस्तक परत मागायला घरोघर फिरावं लागू लागलं, आणि ते तक्रार करत फिरत, पण तोंडावर हसू असायचं.

पावसाळ्यात मंडळाच्या कार्यकारिणीची निवड झाली तेव्हा शामरावांनी स्वतःच चंपाचं नाव सुचवलं. मंडळात तोवर बाई नव्हती. एक-दोन पुरुषांनी पुटपुट केली की बायकांना सभेला यायला वेळ कुठं. राधाबाई म्हणाल्या, वेळ कुटनं आनायचा ते आमी बगू. हात वर झाले आणि चंपा सभासद झाली. भिवानं त्या दिवशी घरी पेढे आणले, तिच्या हातात न देता ते शेजारी वाटत सुटला, आणि प्रत्येक दारात सांगत होता की आमच्या घरातलं माणूस कार्यकारिणीवर गेलं.

कपाट एकदा लावलं म्हणून संपलं असं झालं नाही. लोक नवी पुस्तकं आणतच होते, आणि सहा महिन्यांत मोकळ्या जागांत गठ्ठे येऊन बसू लागले. चंपानं मग नियम केला, आणि तो शामरावांनी काळ्या फळ्यावर खडूनं लिहून टाकला: एक पुस्तक वर आलं की एक ट्रंकेत जाईल. रविवारी सकाळी ती यायची, पाठी पुढं ओढून एका रेषेत आणायची, सैल झालेल्या थप्प्या नीट करायची, आणि दारापर्यंत मागं जाऊन डोळे बारीक करून बघायची. डोळे अर्धे मिटले की अक्षरं दिसत नाहीत, फक्त जड आणि हलकं दिसतं, हे तिनं कालिंदीलाही शिकवलं.

वरळीच्या चाळीतल्या मंडळानं पुढच्या वर्षी तिला बोलावणं धाडलं. तिथं नवं वाचनालय निघत होतं आणि कपाट भरून झालं होतं. चंपा कालिंदीला घेऊन गेली. तिथल्या सेक्रेटरीनं मोठ्या उत्साहानं भरलेलं कपाट दाखवलं, आणि मग जरा संकोचून विचारलं की, वैनी, सुरुवात कुठून करायची?

चंपानं चादरी मागितल्या.